डॉक्टर ‘तुम’ म्हणाले, आजींना काय सांगायचं?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. म्हणून नागपूरच्या मेडिकलमध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत वॉर्डात भेटणारे निवासी डॉक्टर पुष्कळदा राजस्थानातून, बिहारमधून किंवा केरळमधून आलेले असतात. वय सत्तावीस-अठ्ठावीस. खाटेवर सत्तरीच्या आजी, त्यांना मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. मधे उभं राहतं ते कुणीतरी मराठी येणारं माणूस: इंटर्न, सिस्टर, स्वयंसेवक, नाहीतर आजींचा कॉलेजात जाणारा नातू.

हा लेख त्या मधल्या माणसासाठी आहे. रोगांची नावं कशी सांगावीत हा विषय इथे घेतलेला नाही. कुणाला काय म्हणावं, एवढाच घेतला आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच असतो, त्यामुळे डॉक्टरांनी तो म्हटला की निवड तुमच्यावर येऊन पडते. हिंदीत ‘आप’ आणि ‘तुम’ असतात, पण ते मराठीत जसेच्या तसे उतरत नाहीत. आणि मराठीत ही निवड फक्त सर्वनामात राहत नाही, ती प्रत्येक क्रियापदाच्या शेपटाला चिकटते. एका वाक्यात ‘तुम्ही’ आणि पुढच्यात ‘झोप’ म्हणालात, तर आजींच्या लक्षात ‘झोप’च राहतं.

आधी केसपेपर नीट वाचा

आपल्याकडे केसपेपरवर नाव बहुधा आडनावापासून लिहितात. समजा ‘शिंदे लक्ष्मीबाई तुकाराम’ असं लिहिलं आहे. परप्रांतातले डॉक्टर शेवटचा शब्द आडनाव समजतात आणि ‘तुकारामजी’ किंवा ‘मिसेस तुकाराम’ अशी हाक मारतात. आजींच्या नवऱ्याचं नाव भर वॉर्डात असं मोठ्यांदा घेतलं गेलं की त्या अवघडतात, आणि पुष्कळदा हाक आपल्यासाठी आहे हे त्यांना कळतही नाही. तेव्हा राऊंड सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगून ठेवा: पहिला शब्द आडनाव, मधला स्वतःचं नाव, शेवटचा वडिलांचं किंवा नवऱ्याचं.

नवऱ्याचं नाव विचारायची वेळ आलीच, तर जुन्या वळणाच्या बायका ते उच्चारत नाहीत. ‘आमचे हे’, ‘मालक’, ‘घरधनी’, ‘कारभारी’ यांपैकी काहीतरी म्हणतील किंवा शेजारणीकडे बघतील. यात विस्मरणाचा काही भाग नाही, हे डॉक्टरांना लगेच सांगा. स्मृतीची तपासणी चालू असेल तर ही गफलत महागात पडते. नाव कागदावर असेल तर तुम्हीच म्हणा, ‘तुकाराम ना?’ आजी मान हलवतील, काम झालं. आणि नवरा हयात आहे की नाही हे कपाळाकडे किंवा गळ्याकडे बघून ठरवू नका. ‘घरी कोण कोण असतं?’ असं विचारलं की उत्तर आपसूक येतं. कौटुंबिक इतिहासात डॉक्टर वडील कशाने ‘एक्स्पायर’ झाले असं विचारतात, तिथे ‘वडील कशानं वारले?’ म्हणावं. ‘मेले’ हा शब्द आजी स्वतः वापरतील, तो त्यांचा हक्क आहे, तुमचा नाही.

नात्याचा शब्द निवडताना

‘आजी’ आणि ‘आजोबा’ हे शब्द सोपे वाटतात म्हणून नवखे लोक साठीच्या अलीकडच्यांनाही लावतात. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंना डॉक्टरांच्या समोर ‘आजी’ म्हटलं की त्या दुखावतात. चार दिवसांपूर्वीपर्यंत त्या शेतात खुरपणी करत होत्या. केस किती पांढरे झालेत ते न बघता बरोबर आलेल्यांचं वय बघा. सोबत मोठी नातवंडं असतील तर ‘आजी’ चालतं. सोबत मुलगा-सून आणि कडेवर लहान मूल असेल तर ‘काकू’, ‘काकी’ किंवा ‘ताई’. खात्री नसेल तर नातेवाइकांना हळूच विचारा, ‘यांना घरी काय म्हणतात?’ उत्तर ‘आक्का’, ‘माई’, ‘नाना’, ‘आबा’, ‘तात्या’ असं काही आलं की तोच शब्द घ्या आणि त्याला ‘तुम्ही’ जोडा. याहून चांगला उपाय नाही.

खेड्यात ‘मावशी’ आणि ‘मामा’ सगळीकडे चालतात, पण रुग्णालयात एक अडचण असते. इथे ‘मावशी’ म्हणजे वॉर्डातली आया आणि ‘मामा’ म्हणजे वॉर्डबॉय. तुम्ही पेशंटला ‘मावशी, जरा इकडे या’ म्हणालात की दोघी वळतात. निवासी डॉक्टर आठवड्याभरात हे दोन शब्द शिकलेले असतात, त्यामुळे तुमचं बोलणं त्यांना कामगारांशी चाललेलं वाटतं. हे दोन शब्द वॉर्डात पेशंटसाठी टाळलेलेच बरे.

‘बाई’चंही नीट समजून घ्या. नावाला जोडलेलं ‘बाई’ (लक्ष्मीबाई, सरूबाई) आदराचं आहे, आणि गावाकडे शाळेतल्या शिक्षिकेलाही ‘बाई’च म्हणतात. पण शहरात नुसतं ‘बाई’ म्हटलं की घरकामाच्या बाईंची आठवण होते. हिंदीभाषक डॉक्टरांच्या कानाला तर ते आणखी खटकू शकतं. म्हणून नावासकट वापरा, सुटं वापरू नका. निवृत्त शिक्षकांना ‘गुरुजी’ किंवा ‘सर’ म्हटलं तर त्यांना ‘आजोबां’पेक्षा जास्त आवडतं, पण ते शिक्षक होते हे आधी कळायला हवं. मुस्लिम कुटुंबात ‘चाचा’, ‘खाला’, ‘दादी’ हे शब्द त्यांच्याच तोंडून ऐकून मग वापरा.

‘तुम्ही’ एकदा धरलं की सोडायचं नाही

अनोळखी वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’, हा पाया. इथे नवख्यांचा घोळ होतो तो मुलगा आईशी कसा बोलतो ते ऐकून. मराठी घरांत आईला आणि आजीला बहुधा ‘तू’ म्हणतात, वडिलांना ‘तुम्ही’. मुलगा खाटेशी उभा राहून म्हणतो, ‘आई, तू सांग ना डॉक्टरांना.’ तुम्हीही त्याच ओघात ‘आजी, तू सांग ना’ म्हणालात, तर तुम्ही त्यांच्या घरात न विचारता शिरलात. त्यांचं ‘तू’ जिव्हाळ्याचं आहे, तुमच्या तोंडी ते उद्धट होतं. उलट दिशेने दुरुस्ती करण्याचीही गरज नाही: मुलाचं ‘तू’ डॉक्टरांना सांगताना त्याला आईचा अनादर समजू नका आणि डॉक्टरांनाही तसं वाटू देऊ नका.

तपासणीच्या वेळी सगळा भर आज्ञांवर असतो, म्हणून या जोड्या तोंडपाठ हव्यात: झोप नाही, झोपा. बस नाही, बसा. ये नाही, या. घे नाही, घ्या. दे नाही, द्या. पी नाही, प्या. जीभ दाखव नाही, दाखवा. श्वास सोड नाही, सोडा. मराठी शिकू पाहणाऱ्या डॉक्टरांकडून हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण ते शब्दाचं पहिलं, लहान रूप ऐकून पाठ करतात. त्यांना एक चिठ्ठी करून द्या आणि तिच्यावर फक्त ‘आ’ने संपणारी रूपं लिहा. लहान रूप लिहूच नका; लिहिलंत तर तेच लक्षात राहतं.

दोन शब्द मात्र फसवे आहेत. ‘जा’ आणि ‘खा’ ‘तू’ला आणि ‘तुम्ही’ला सारखेच असतात. ‘आत जा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला आदर कळतच नाही. तिथे आधी संबोधन लावा: ‘आजी, तुम्ही आत जा.’ एवढं पुरतं.

भूतकाळात हिंदीची सवय आडवी येते. ‘तुम्ही जेवली का?’ हे मराठी नाही. ‘तुम्ही जेवलात का?’ म्हणायचं, बोलीत ‘जेवला का?’ही चालतं. पण ‘गोळी’सारखं कर्म आलं की नियम बदलतो, क्रियापद गोळीच्या मागे जातं. ‘तुम्ही गोळी घेतली का?’ किंवा ‘घेतलीत का?’ दोन्ही बरोबर, त्यात आदर कमी होत नाही. आदर वाढवायचा म्हणून कुणी ‘घेतल्या का?’ म्हणतं आणि मग अर्थच पालटतो. ‘घेतल्या’ म्हणजे एकाहून जास्त गोळ्या. आजी ‘हो’ म्हणतात, डॉक्टर लिहितात की सकाळच्या सगळ्या गोळ्या घेतल्या, आणि प्रत्यक्षात एकच घेतलेली असते. आदर ‘तुम्ही’त आला, आता संख्येला हात लावू नका.

हाकेचे छोटे शब्दही याच रांगेत बसवा. ‘अहो’ आणि ‘का हो’ यांच्याबरोबर ‘तुम्ही’ जातं. ‘अगं’, ‘अरे’, ‘का गं’, ‘का रे’ यांच्याबरोबर ‘तू’. ‘अगं आजी, तुम्ही उठा ना’ हे वाक्य अर्धं घरातलं, अर्धं कचेरीतलं. आजींबद्दल समोर बोलतानाही ‘हिला किती दिवस झाले ताप?’ असं नातेवाइकांना विचारू नका. ‘यांना’ म्हणा. आजी तिथेच बसल्या आहेत आणि ‘हिला’ हा शब्द त्यांनी ऐकला आहे.

आता हिंदीविषयी. हिंदी ‘आप’साठी मराठीत ‘तुम्ही’ पुरतं. ‘आप’ आणि ‘आपण’ कानाला सारखे वाटतात म्हणून ‘आपण’ घेऊ नका (त्याच्याबद्दल पुढे). हिंदी ‘तुम’चंही ‘तुम्ही’च करा, ‘तू’ करायची वेळ येत नाही, डॉक्टर घाईत कसेही बोलले असले तरी. उलट दिशेने मात्र एक कुरबुर हमखास होते. मुंबईच्या बाजूचे आजोबा आपल्या मोडक्या हिंदीत डॉक्टरांना थेट म्हणतात, ‘तुम बोलो डॉक्टर, मेरा क्या होएगा?’ आजोबांच्या मनात ते ‘तुम्ही’ आहे, म्हणजे आदरच आहे. लखनौकडच्या डॉक्टरांना मात्र तो ठोसा वाटतो. ही गोष्ट पहिल्याच दिवशी डॉक्टरांना समजावून सांगा: इथल्या हिंदीत ‘तुम’ हेच मोठ्या माणसाला म्हणतात. एकदा सांगितलं की रोजची कटकट मिटते.

‘आपण’ कुठे चालतं, कुठे नाही

‘आपण’ सभ्य वाटतं आणि म्हणून ते धोकादायक आहे. त्याचे दोन अर्थ एकाच वाक्यात येऊन बसतात: अतिआदराचं ‘तुम्ही’, आणि बोलणारा व ऐकणारा मिळून ‘आपण सगळे’. ‘आपण उद्या रक्त तपासू’ हे वॉर्डात रोज बोललं जातं, ऐकायला मऊ लागतं आणि त्याने नुकसानही होत नाही. तपासणीच्या साध्या गोष्टींना ते वापरा.

संमतीच्या वेळी मात्र वापरू नका. डॉक्टरांचं इंग्रजी वाक्य असतं की आम्ही उद्या पायाचं ऑपरेशन करू इच्छितो, तुमची तयारी आहे का. त्याचं ‘आपण उद्या ऑपरेशन करू’ असं केलंत तर दोन गोष्टी हरवल्या. ऑपरेशन कोण करणार हे गेलं, आणि आजींनी अजून काही ठरवायचं आहे हेही गेलं. ‘आपण करू’मध्ये ठरलेलंच आहे. इथे ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ वेगळे ठेवा: ‘डॉक्टर म्हणतायत, आम्ही उद्या पायाचं ऑपरेशन करायचं म्हणतोय. तुम्ही हो म्हणालात तरच करू. तुम्हाला काय वाटतं?’ इंग्रजी ‘वी’ आणि हिंदी ‘हम’ हा फरक करत नाहीत, म्हणून डॉक्टरांना तो जाणवत नाही. मराठीने तो केलेला आहे, तर वापरायला हवा.

‘आपण येथे सही करावी’ हे तिसरं वळण कचेरीचं. आजी घाबरतात, कारण असं बोलणारी माणसं त्यांना तलाठ्याकडे आणि बँकेत भेटलेली असतात. ‘आजी, इथे तुमची सही किंवा अंगठा हवाय’ हे पुरेसं आदराचं आहे.

डॉक्टर वयाने लहान, मानाने मोठे

तुम्ही डॉक्टरांबद्दल कसं बोलता यावर आजोबा त्यांचं किती ऐकतील हे बरंचसं ठरतं. डॉक्टर तुमच्याच वयाचे असतील, कँटीनमध्ये तुम्ही त्यांना ‘यार’ म्हणत असाल. पेशंटसमोर ‘डॉक्टर म्हणतोय’ किंवा ‘ती म्हणाली’ असं एकवचन चुकूनही येऊ देऊ नका. ‘डॉक्टर विचारतायत’, ‘मॅडम म्हणाल्या’, हीच रूपं.

दुभाष्यांच्या प्रशिक्षणात परदेशी पद्धतीने असं शिकवतात की बोलणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून ‘मी’ म्हणावं. मराठीत याला क्रियापदाचं लिंग अडवतं. डॉक्टर पुरुष आणि मधे बोलणारी तुम्ही बाई असाल, तर ‘मी तुम्हाला तपासतो’ म्हणायचं की ‘तपासते’? ‘तपासतो’ ऐकून आजी हसतील. ‘तपासते’ म्हणालात तर त्या तुमच्याकडे वळून पदर सावरायला लागतील, कारण तपासणार तुम्हीच असं त्यांनी समजून घेतलं. म्हणून वॉर्डात ‘डॉक्टर म्हणतायत’ हीच सुरुवात ठेवा आणि पुढे सरळ बोला. उलट बाजूला, म्हणजे आजींचं बोलणं डॉक्टरांना इंग्रजीत सांगताना, ‘मी’ चालतं. तिथे लिंगाचा प्रश्न येत नाही.

आजी डॉक्टरांना काय म्हणतात हेही तुमच्याच हातून जायचं असतं. ‘बाळा’, ‘पोरी’, ‘लेकरा’, विदर्भ-मराठवाड्याकडे ‘माय’, आणि बरोबरीने सरळ ‘तू’: ‘पोरी, तू काय सांगशील ते करते बघ.’ हिंदीत हे ‘तू’ने सांगितलंत तर डॉक्टरांचा अपमान होईल. ‘आप’ने सांगितलंत तर आजींची माया गळून पडेल. हिंदीत ‘बेटी’ ठेवा आणि क्रियापद ‘आप’चं घ्या: ‘बेटी, आप जो कहेंगी वो करूँगी.’ इंग्रजीत एकदाच सांगा की त्या तुम्हाला मुलगी म्हणून हाक मारतायत, ते प्रेमाचं आहे. दरवेळी सांगत बसू नका. सिंधुदुर्गातून उपचारासाठी गोव्याच्या बांबोळीला जाणारे पेशंटही असेच. मालवणीत ‘तू’ मोकळेपणाने येतं, ‘झिला’, ‘चेडवा’ येतं, त्यात कमीपणा कुणाचाच नसतो.

काही वाक्यं मात्र मायेची नसतात. ‘ह्या पोराला काय कळतंय? मोठे डॉक्टर कधी येणार?’ हे गोड करून ‘ते वरिष्ठांची चौकशी करतायत’ असं सांगण्याचा मोह होतो. अर्धं खरं आहे, पण आजोबांना या डॉक्टरांवर भरवसा वाटत नाही ही माहिती डॉक्टरांच्या कामाची आहे. उद्या हेच आजोबा गोळी घेणार नाहीत. शिवी जशीच्या तशी पोचवायला नको, शंका पोचवायला हवी: ‘त्यांना तुमचं वय कमी वाटतंय, मोठ्या डॉक्टरांशी बोलायचं आहे.’ डॉक्टरांचं उत्तर येईल ते ‘आजोबा, डॉक्टर सांगतायत...’ असं पूर्ण मानाने परत द्या.

‘त्यांना’ म्हणजे नेमकं कुणाला?

इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठीचा आदर इथे उपचारात घोळ घालू शकतो. आदरार्थी बोललं की ‘तो’ आणि ‘ती’ जाऊन ‘ते’ आणि ‘त्या’ येतात. विभक्ती लागली की तेही एक होऊन ‘त्यांना’, ‘त्यांनी’, ‘त्यांचं’ उरतं. पुरुष की बाई, एक की अनेक, काहीच कळत नाही. घरातल्या बोलण्यात संदर्भाने भागतं. इंग्रजीत सांगताना तुम्हाला ‘ही’, ‘शी’ किंवा ‘दे’ यांतलं एक उचलावंच लागतं, आणि अंदाजाने उचललंत की केसपेपर बिघडला.

एक प्रसंग घेऊ. बहात्तर वर्षांच्या बाई घरात चक्कर येऊन पडल्या म्हणून मेडिसिन वॉर्डात दाखल आहेत. मधुमेहाची गोळी चालू होती. सोबत सून. डॉक्टर केरळच्या, मराठी चार शब्द, हिंदी बेताची. त्यांनी इंग्रजीत विचारलं की गोळी नियमित चालू होती का. सून म्हणाली:

‘त्यांनी महिन्यापूर्वी बंद केली होती. त्या पडल्या तेव्हा ते शेतात होते, ह्यांनी गाडी करून आणलं.’

नवखा माणूस पहिल्याच ‘त्यांनी’चं ‘शी स्टॉप्ड इट’ करून मोकळा होतो, कारण पेशंट बाई आहे. वाक्य पुन्हा वाचा. ‘त्या पडल्या’ म्हणजे सासूबाई. ‘ते शेतात होते’ म्हणजे सासरे. ‘ह्यांनी गाडी आणली’ म्हणजे सुनेचा नवरा. बायका नवऱ्याला ‘हे’ म्हणतात. आता ‘त्यांनी बंद केली’ कोणी? सासूबाईंनी स्वतःहून, सासऱ्यांनी पैशासाठी, की गावातल्या डॉक्टरांनी? तिघांनाही मराठीत ‘त्यांनी’च लागतं. आणि उत्तराप्रमाणे उपचार बदलतो. बाईंनी स्वतःहून बंद केली असेल तर साखर वाढलेली असण्याकडे डॉक्टरांचं लक्ष जाईल. गावच्या डॉक्टरांनी बंद केली असेल, तर साखर वारंवार खाली जात होती का हा पुढचा प्रश्न येतो.

म्हणून इथे भाषांतर थांबवा. आधी डॉक्टरांना सांगा, ‘कोणी बंद केली ते स्पष्ट नाही, विचारून सांगतो.’ मग सुनेला नात्याचं नाव घेऊन विचारा: ‘गोळी कोणी बंद केली, सासूबाईंनी, सासऱ्यांनी, की तिकडच्या डॉक्टरांनी?’ नातं बोललं की आदर शाबूत राहतो आणि गोंधळ संपतो. सून म्हणाली, ‘तिकडच्या डॉक्टरांनी. सारखा घाम सुटायचा ना आईंना.’ हे घाम सुटणं पहिल्या उत्तरात कुठेच नव्हतं.

डॉक्टर इंग्रजीत म्हणाल्या की आजींनाच विचारा, त्या वेळी थरथर व्हायची का, काही खाल्लं की बरं वाटायचं का. तुम्ही आजींकडे वळून: ‘आजी, मॅडम विचारतायत, घाम सुटायचा तेव्हा हातपाय थरथरायचे का तुमचे? काही खाल्लंत की बरं वाटायचं?’ आजी: ‘व्हय की. साखर तोंडात टाकली की थांबायचं. ह्या पोरीला कसं कळलं गं?’ शेवटचं वाक्यही डॉक्टरांना सांगा. त्यात कौतुक आहे, आणि आजी आता डॉक्टरांशी थेट बोलायला लागल्यात हे त्यातून कळतं.

त्याच सुनेने चिडून ‘म्हातारं काही ऐकतच नाही’ असं सासऱ्यांबद्दल म्हटलं, तर हे नपुंसकलिंगी ‘म्हातारं’ तुमच्या तोंडी घेऊ नका. डॉक्टरांना एवढंच पोचवा की सासरे पथ्य पाळत नाहीत आणि घरचे त्यावरून वैतागलेत.

आदराने बोला, पण मात्रा सैल करू नका

नम्र बोलायच्या नादात आज्ञेची इच्छा होते. डॉक्टर म्हणाले, लोणचं-पापड बंद. तुम्ही म्हणालात, ‘आजोबा, मीठ जरा कमी केलं तर बरं होईल.’ आजोबांनी ऐकलं: जमलं तर करा. ‘जरा’, ‘तर बरं’, ‘जमेल तसं’ हे शब्द पथ्याच्या आणि औषधाच्या वाक्यात घालू नका. ‘आजोबा, लोणचं आणि पापड पूर्ण बंद करायचं हं’ हे सक्तीचं आहे आणि त्यात अपमान नाही; ‘हं’ने मऊपणा येतो, अर्थ ढिला होत नाही.

‘करायचं’, ‘घ्यायची’ ही रूपं आणखी एका अडचणीत उपयोगी पडतात. पंचावन्नच्या एखाद्या माणसाला ‘तुम्ही’ फार लांबचं वाटतंय आणि ‘तू’ तर म्हणताच येत नाही, तेव्हा ‘गोळी जेवणानंतर घ्यायची’ म्हटलं की दोन्ही टळतं. पण हे रूप वापरताना कोणी काय करायचं ते जोडायला विसरू नका. ‘सकाळी इन्सुलिन द्यायचं’ ऐकून आजी समजतात मुलगा देणार, मुलगा समजतो सिस्टर घरी येणार. ‘इन्सुलिन मुलाने द्यायचं, आजींनी आधी जेवण तयार आहे ना ते बघायचं.’ अशा वाक्यात कुणाला ‘तुम्ही’ म्हणावं हा प्रश्नच उरत नाही.

चुकलं हे कसं ओळखायचं

वयस्कर माणसं तोंडावर बोलून दाखवत नाहीत. तीन खुणा बघा. आधी मोकळेपणाने बोलणारे आजोबा अचानक प्रत्येक गोष्टीला ‘बरं साहेब’ म्हणू लागले. उत्तर द्यायच्या आधी ते मुलाकडे बघू लागले. किंवा त्यांनी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात केली. मघापर्यंत ‘पोरा’ म्हणत होते आणि आता ‘तुम्ही’, म्हणजे कुठेतरी खटकलं आहे.

दुरुस्ती लांबवू नका आणि माफीचं भाषणही करू नका. ‘झोप’ निघून गेलं असेल तर लगेच ‘आजी, झोपा तुम्ही, पाय सरळ करा’ असं पुढचं वाक्य पूर्ण रूपात बोला. डॉक्टरांच्या तोंडून ते निघालं असेल, तर ‘डॉक्टर नवीन मराठी शिकतायत, आजी’ एवढं म्हणा. बहुतेक आजी हसतात आणि डॉक्टरांना स्वतःच शिकवायला लागतात: ‘झोपा म्हणावं, लेका, झोपा.’ मग डॉक्टरांना पुढच्या खाटेवर ते बरोबर येतं.